जानेवारीचा आवाज, जूनचं झाड

राणीच्या बागेत माणसं झाडं पाहायला येत नाहीत. भायखळ्याच्या दरवाजातून आत आलेलं कुटुंब आधी पेंग्विन कुठे आहेत ते विचारतं, मग वाघाचं, मग खाण्यापिण्याचं. १८६२ साली ही बाग खुली झाली तेव्हा ती झाडाझुडपांचीच बाग होती, प्राणी मागाहून आले. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ब्रह्मदेश, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या मुलखांतली झाडं तिथे दीड शतकात रुजली, वाढली, म्हातारी झाली. पेंग्विनकडून वाघाकडे जाणारी माणसं रोज त्यांच्याच खालून जातात आणि त्यांतल्या बहुतेकांची मान वर होत नाही.

अशा माणसाच्या कानात आवाज घालून त्याला झाडापाशी थांबवायचं, हे ऑडिओ गाइडचं काम. तो वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. त्याच्या एका हातात मुलाचा हात आहे, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि ऊन लागतंय. तो फार तर पाऊण तास देईल. त्यात चालण्याचा वेळ वजा केला की आठ-दहा झाडं मावतात, एकेका झाडापाशी मिनिट-दीड मिनिट. सावकाश बोललेल्या मराठीत मिनिटाला साधारण शंभर शब्द बसतात. म्हणजे एका झाडाला शंभर-सव्वाशे शब्द. बागेत हजारो झाडं असताना दहा निवडायची आणि त्या दहांवरही इतकंच बोलायचं, ही पहिली कात्री. ती चालवायला जीव तुटतो, पण खरी अडचण वेगळीच आहे.

ऑडिओ गाइड हा प्रकार जन्मला संग्रहालयात. १९५२ साली ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात प्रेक्षकांच्या कानाला छोटे रेडिओ लावून माहिती ऐकवली गेली. प्रक्षेपण एकच होतं, त्यामुळे सगळी माणसं एकाच क्षणी एकाच चित्राकडे माना वळवायची. पुढे यंत्रं बदलली आणि आता मोबाइलवर क्यूआर कोड टिपला की काम होतं. एक गृहीत मात्र तेच राहिलं: चित्र जागचं हलत नाही आणि बदलतही नाही. जानेवारीत रेकॉर्ड केलेलं वाक्य ऑगस्टमध्येही खरं असतं. बागेत हे गृहीतच कोसळतं. झाड जागचं हलत नाही एवढंच खरं. जानेवारीत ‘समोर केशरी फुलांचे घोस पाहा’ असं प्रेमाने सांगितलेला आवाज जूनमध्येही तेच सांगतो. ऐकणारा वर पाहतो, तिथे नुसती हिरवी पानं. एकदा असं झालं की त्या आवाजावरचा त्याचा विश्वास उडतो आणि पुढची सगळी झाडं तो न थांबता ओलांडतो.

त्यामुळे बागेची संहिता लिहिताना प्रत्येक वाक्याला आधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे बारा महिने खरं आहे का? खोडाची साल, फांद्यांची ठेवण, झाड कुठून आलं, मुळं कशी पसरली, ही वाक्यं वर्षभर टिकतात. पालवी, फूल, फळ, पानगळ यांची वाक्यं टिकत नाहीत. दोन्ही प्रकार एकाच परिच्छेदात मिसळले की संहिता नासते. ती वेगळी ठेवायची. पाऊण मिनिटाचा कायमचा भाग आणि त्याला जोडायचा वीस-तीस सेकंदांचा ऋतूचा तुकडा. प्रत्येक झाडासाठी असे तीन-चार तुकडे आधीच लिहून, एकाच आवाजात, एकाच दिवशी रेकॉर्ड करून ठेवायचे. वेगवेगळ्या दिवशी केले तर आवाजाची पट्टी बदलते आणि सांधा ऐकू येतो.

काही झाडं या बाबतीत लेखकावर मेहेरबान असतात. कैलासपती त्यांतलं पहिलं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे झाड. त्याची फुलं फांद्यांच्या टोकांना येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या वाकड्यातिकड्या दांड्यांवर येतात आणि कमीअधिक प्रमाणात वर्षभर येत राहतात. त्यामुळे इथे लेखक फुलाबद्दलही धीटपणे बोलू शकतो. तरीही या झाडाची संहिता बिघडवणं सोपं आहे. नवख्या लेखकाचा पहिला खर्डा बहुधा असा असतो:

‘हा कैलासपती वृक्ष. याचे शास्त्रीय नाव कौरुपिटा गियानेन्सिस असून तो लेसिथिडेसी कुळातील आहे. मूळ स्थान दक्षिण अमेरिका. उंची सुमारे पंचवीस मीटर. फळे गोलाकार असून त्यांचा व्यास पंधरा ते चोवीस सेंटिमीटर असतो.’

यात चूक काही नाही. फक्त हे कानासाठी लिहिलेलं नाही, पाटीसाठी लिहिलेलं आहे. पाटी माणूस पुन्हा वाचू शकतो, कानातलं वाक्य निघून जातं. चोवीस सेंटिमीटर ऐकून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. सगळ्यात मोठी गोम म्हणजे या साऱ्या वाक्यांत ऐकणाऱ्याला पाहायचं काम दिलेलंच नाही. तो झाडाकडे पाठ करून उभा राहिला तरी चालेल.

तेच झाड असं लिहिता येतं:

‘जरा थांबा. खोडाकडे पाहा. कमरेच्या उंचीपासून वर, सालीतूनच दोरांसारख्या दांड्या बाहेर आल्यात आणि त्यांना फुलं लागलीत. आता खाली जमिनीवर पाहा. एखादं गळलेलं फूल सापडेल. उचला. आधी वास घ्या. (चार सेकंद शांतता.) मधोमध पिवळसर बारीक केसरांची गोल चकती आहे. तिच्यावर एक वाकडी, गुलाबी फणी झुकली आहे, तिलाही केसर आहेत. ती फणी बोटाने हळूच उचला. भुंगा या दोन्हींच्या मधल्या फटीत शिरतो. फुलात मध नाही, भुंगा येतो परागासाठी. फणीवरचे पराग तो खातो, घरी नेतो. त्या परागांतून बी धरत नाही. बी धरणारे पराग खालच्या चकतीवर आहेत, ते त्याच्या अंगाला चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. झाडाने खायचे पराग वेगळे केलेत आणि कामाचे वेगळे. या झाडाचं नाव कैलासपती.’

नाव शेवटी आलं आहे, आणि ते मुद्दाम. नाव आधी सांगितलं की माणसाला झाड कळल्यासारखं वाटतं आणि तो पाहणं थांबवतो. आधी नजर, मग हात, मग कारण, मग नाव, हा क्रम मला तरी सगळ्यात फळणारा वाटतो. शास्त्रीय नाव, कूळ, उंची हे ज्याला हवं त्याला मोबाइलच्या पडद्यावर लिहून द्यावं. कंसात लिहिलेली शांतताही संहितेचाच भाग आहे. ती लिहून ठेवली नाही तर निवेदक थांबत नाही, आणि फूल उचलायला वाकलेल्या माणसाच्या कानावर पुढची तीन वाक्यं वाया जातात.

याच झाडापाशी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, तिचा शब्दांशी संबंध नाही. कैलासपतीची फळं लहान नारळाएवढी, जड आणि कडक कवचाची. पिकायला वर्षभर लागतं, कधी त्याहून जास्त, आणि मग ती धाडकन खाली येतात. फुटली की आतला गर हवेत निळसर पडतो आणि त्याला दुर्गंधी सुटते. म्हणून ‘थांबा’ हा शब्द माणसाने कुठे ऐकायचा, ते लेखकाने जागेवर जाऊन ठरवायचं. झाडाच्या घेराबाहेर, वाटेच्या कडेला, जिथून खोड दिसतं आणि वर फळ नाही, अशी जागा. फूल उचलायला सांगतानाही ते अशाच ठिकाणी पडलेलं असेल याची खात्री हवी. नसेल तर उचलायचं वाक्य काढून टाकायचं, कितीही आवडतं असलं तरी.

कैलासपतीची एक खोड अशी की तो वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पानं गाळतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवा होतो. कॅलेंडर पाहून त्याची पानगळ सांगता येत नाही. तिथे अटीचं वाक्य उपयोगी पडतं: ‘वर फांद्या उघड्या दिसत असतील तर झाड वाळलंय असं समजू नका, आठवड्याभराने याल तर पालवी दिसेल.’ ऐकणारा वर पाहून स्वतः ठरवतो. अटीची वाक्यं लिहायला मोह पडतो, पण एका झाडाला एकच पुरे. ‘फुलं असतील तर हे, शेंगा असतील तर ते, काहीच नसेल तर’ असं सुरू झालं की ते आयकराचा अर्ज भरल्यासारखं होतं.

आता अवघड झाडं. गोरखचिंचेचं खोड वर्षभर डोळ्यांत भरतं, त्यामुळे कायमचा भाग आपोआप लिहून होतो. आफ्रिकेतलं हे झाड खोडात पाणी साठवतं, लाकूड मऊ आणि भुसभुशीत असतं. हे सांगताना लेखकाचा हात हमखास वयाकडे वळतो. ‘हजारो वर्षांचा साक्षीदार’ हे वाक्य गोरखचिंचेला पाहिल्यावर न सुचणारा माणूस विरळा. पण खोडाच्या घेरावरून या झाडाचं वय काढणं भरवशाचं नाही. पाणी मिळालं तर घेर भराभर वाढतो, आणि अनेक खोडं एकत्र जुळूनही एक मोठं खोड झालेलं असतं. बाग १८६२ची आहे. झाड बागेच्याही आधीचं असल्याचा कागद हातात नसेल तर वय सांगायचं नाही.

गोरखचिंचेचा वार्षिक फेरा मुंबईत साधारण असा: हिवाळ्यात पानं गळतात, उन्हाळाभर झाड उघडं राहतं, पावसाच्या तोंडावर हाताच्या पंजासारखी पानं फुटतात आणि त्यासोबत मोठी, पांढरी, लोंबती फुलं येतात. गंमत अशी की ही फुलं उमलतात सूर्यास्तानंतर. वटवाघळं त्यांच्याकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी फुलं तांबूस पडून गळतात. बाग संध्याकाळी बंद होते. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाला गोरखचिंचेचं उमललेलं ताजं फूल दिसणं जवळपास अशक्य. मग ऋतूच्या तुकड्यात काय सांगायचं? जमीन दाखवायची: ‘पायाशी मळकट पांढऱ्या पाकळ्यांचं फूल पडलंय का? काल रात्री तुम्ही घरी असताना ते उघडलं होतं. या बागेला पहारेकरी सोडून बाकी पाहुणे रात्री येतात, पंखांचे.’ दिसत नसलेली गोष्ट सांगायची असेल तर तिचा दिसणारा पुरावा आधी हातात द्यायचा. बहाव्यालाही हेच लागू. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांना कोणाच्या निवेदनाची गरज नसते, लोक आपणहून थांबतात. उरलेले दहा महिने काळ्या, लांब, दांडक्यासारख्या शेंगा लटकलेल्या असतात, संहिता त्यांच्यावर लिहायची.

राणीच्या बागेची खरी लाडकी म्हणजे उर्वशी. वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली ब्रह्मदेशात, साल्वीन नदीच्या भागात एका मठाच्या आवारात हे झाड पाहिलं. तिथे बुद्धाच्या मूर्तीपुढे याची फुलं वाहिलेली होती. भारताच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं, लेडी ॲम्हर्स्टचं नाव त्याने झाडाला दिलं. रानात हे झाड फारच दुर्मीळ. बागेत साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लांब दांड्यांवर लाल फुलं खाली लोंबतात, वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. तेव्हा निवेदकाने कमी बोलावं हेच उत्तम. मठाची गोष्ट कायमच्या भागात ठेवावी, कारण ती ऑगस्टमध्येही सांगता येते, आणि फुलांच्या दिवसांत फक्त एवढं म्हणावं: ‘वर नको, समोर पाहा. फुलं तुमच्याकडे तोंड करून खाली आली आहेत.’

पण उर्वशीचा दुसरा ऋतू मला फुलांपेक्षा जास्त आवडतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. नवी पालवी फुटते तेव्हा ती ताठ उभी राहत नाही. तांबूस-गुलाबी पानांचा अख्खा झुबका मऊ, ओल्या कापडासारखा लोंबतो. पाहणाऱ्याला वाटतं, फांदी सुकली, रोग पडला. काही दिवसांत तीच पानं हिरवी होतात, ताठरतात आणि आडवी पसरतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरायचं आणि तोवर ते उन्हापासून नि किड्यांपासून वाचवायचं, यासाठी ही व्यवस्था असावी असं मानतात. सीताअशोकाची कोवळी पानंही तशीच लोंबतात. म्हणून फिरण्याची वाट आखताना उर्वशीनंतर लगेच सीताअशोक घेता आला तर घ्यावा. ऐकणारा दुसऱ्या झाडापाशी ती पानं स्वतःच ओळखतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही.

सीताअशोकापाशी एक घोटाळा मिटवावा लागतो. शाळेच्या आणि सोसायटीच्या कुंपणाशी सरळसोट उभा असतो तो अशोक, असं बहुतेकांच्या मनात असतं. ते वेगळं झाड, वेगळ्या कुळातलं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सीताअशोकाच्या फांद्यांना नारिंगी गुच्छ येतात आणि एकाच गुच्छात काही फुलं पिवळट, काही केशरी, काही लाल दिसतात. ती वेगवेगळ्या जातींची नाहीत. फूल जुनं होत जातं तसं लाल होतं. ‘गुच्छातलं आज सकाळी उमललेलं फूल कोणतं, ते शोधा’ असं म्हटलं की मुलं कामाला लागतात आणि मोठ्या माणसांना थोडा दम खाता येतो.

हे सगळे महिने लिहायचे कशावरून? पुस्तकांवरून नाही. पुस्तकातला फुलोऱ्याचा काळ अनेक जिल्ह्यांचा मिळून दिलेला असतो, शिवाय एकाच बागेतले दोन बहावे पंधरा दिवसांच्या फरकाने फुलतात. कोणाच्या मुळाशी पाण्याचा पाइप असतो, कोणाला दुपारची सावली. संहिता लिहिण्याआधी निदान एक वर्ष निवडलेल्या झाडांकडे नियमाने जावं लागतं. सीझनवॉच नावाचा भारतातला एक नागरिक-प्रकल्प आहे. त्यात लोक एकच झाड आठवड्याला एकदा पाहतात आणि पालवी, जून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘पुष्कळ’ एवढंच नोंदवतात. हीच पद्धत बागेला पुरते. उर्वशीच्या पानावर ‘फुलं: थोडी’ अशी नोंद आली की तुकडा तयार ठेवायचा, ‘पुष्कळ’ झाली की लावायचा, आणि पुन्हा ‘थोडी’कडे उतरली की लगेच काढायचा. उतरताना उशीर झाला तर ऐकणाऱ्याची निराशा होते. चढताना उशीर झाला तर फार काही बिघडत नाही, फुलं आपली दिसतातच.

वाट दाखवणं हा आणखी एक खड्डा. ‘उजवीकडे वळा’ या वाक्याचा भरवसा नाही, कारण माणूस कुठल्या बाजूने आला ते आवाजाला माहीत नसतं. ‘घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहा’ हे चालतं. मनोरा हलत नाही. ‘निळ्या कचरापेटीशेजारी’ हे चालत नाही, पेटी उद्या हिरवी होते. फुलांचे वाफे, कुंड्या, खाद्याचे स्टॉल यांच्यावर पत्ता टांगू नये. कोडची पाटी झाडाला खिळ्याने ठोकायची नाही, तिच्यासाठी बाजूला खुंट रोवायचा. आणि ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगावं की एकच कान झाका. बागेत मुलं धावत असतात, गाड्या जातात, आणि दुसऱ्या कानाला कोकीळ ऐकू यायला हवी.

झाडं पडतातही. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मुंबईत एका दिवसात शेकडो झाडं आडवी केली. म्हणून प्रत्येक झाडाची ध्वनिफीत स्वतंत्र हवी आणि कुठल्याही झाडाच्या निवेदनात ‘मघाशी पाहिलेल्या झाडासारखं’ हे वाक्य शक्यतो नको. सीताअशोकात मी उर्वशीचं नाव घेत नाही, ते याच कारणाने. दोन झाडं शेजारी ठेवायची, नातं ऐकणाऱ्याने जोडायचं. एखादं झाड गेलंच, तर तेवढी फीत उतरवता येते आणि बाकीची वाट चालू राहते.

संहिता बरी झाली की नाही हे खोलीत बसून कळत नाही. कोणा अनोळखी माणसाच्या कानात ती घालावी आणि दहा पावलं मागून चालावं. त्याचा चेहरा पाहू नये, मान पाहावी. ‘वर पाहा’ ऐकल्यावर मान वर जाते का, ‘खोडाकडे’ म्हटल्यावर नजर नेमक्या खोडाकडे जाते का, की तो गोंधळून दोन झाडांच्या मधे बघतो? फीत संपायच्या आधीच पाय हलले तर शेवटची तीन वाक्यं जास्त आहेत. फीत संपली तरी तो उभाच राहिला तर तिथे पुढची सूचना दहा सेकंद उशिरा द्यायची. मग एकदा बागेतल्या जुन्या माळ्याला ऐकवावं. फुलांच्या तारखांत तो जिथे डोकं हलवेल, तिथे पेन्सिल काढावी. वर्षभर तुकडे बदलण्याचं कामही शेवटी त्याच्याच भरवशावर चालतं. उर्वशीला पहिली कळी लागली की फोन त्याने करायचा.